पावती की डॅशबोर्ड? सकाळच्या दुधाचा आकडा कुठे आणि किती वाजता बघायचा

आमच्या दूध संस्थेच्या मागच्या बैठकीत विषय निघाला: मोबाइलवर सगळं दिसतंय, मग कागदी पावती बंद करायची का? कागदाचा रोल वाचेल, हा एक मुद्दा. पण संकलनाला रोज सकाळी मशीनपाशी बसणारा माणूस म्हणून मला आधी एक घोळ सांगावासा वाटला. तो दर आठवड्याला एकदा तरी होतोच.

एक सभासद सकाळी ६:४२ला दूध घालून गेले. आठच्या सुमारास मोबाइल हातात घेऊन परत आले. म्हणाले, "अकरा लिटर घातलं आणि इथं सातच दाखवतंय. चार लिटर गेलं कुठं?" त्यांच्या खिशातली पावती आणि मोबाइलचा पडदा शेजारी ठेवला तर असं दिसत होतं:

| | पावती | डॅशबोर्ड, सकाळी ८ वाजता |
|---|---|---|
| लिटर | ११.० | ७.० |
| फॅट | ३.४ | ४.२ |
| वेळ | सकाळी ६:४२ | `Last updated` संध्या. ७:०५ |

दूध कुठंही गेलं नव्हतं. पडद्यावर आदल्या संध्याकाळचं सत्र होतं. त्या दिवशी नेट नव्हतं, त्यामुळे सकाळच्या नोंदी मशीनमध्येच अडकून बसल्या होत्या, आणि डॅशबोर्ड त्याच्याकडे असलेला शेवटचा आकडा दाखवत होता. फॅटवरूनही हे ओळखता आलं असतं. संध्याकाळच्या धारेला दोन धारांमधलं अंतर कमी असतं, दूध कमी निघतं आणि फॅट बहुतेक वेळा चढी लागते. सकाळी एरवी ३.४ लागणाऱ्या गायीला एकदम ४.२ दिसली की आधी तारीख-वेळ बघावी, भांडायला नंतर यावं.

म्हणजे दोन्हीकडे वेळ छापलेली असते, पण ती एकच वेळ नव्हे. पावतीवरची वेळ दूध मोजल्याची. डॅशबोर्डवरची वेळ नोंद संस्थेच्या मशीनमधून सर्व्हरवर पोचल्याची. काही ॲपमध्ये तिसरीच गंमत असते: तिथं दिसणारी वेळ तुम्ही पान उघडल्याची असते. हे तपासायला सोपं आहे. पान दोन-तीनदा रिफ्रेश करा. वेळ दरवेळी घड्याळाबरोबर पुढे सरकत असेल आणि आकडा मात्र तोच राहत असेल, तर त्या वेळेवरून दुधाबद्दल काहीच कळत नाही. अशा ॲपमध्ये सत्राचं नाव आणि तारीख शोधा. तीही नसेल तर सचिवांना सांगून ती दाखवायला लावा.

आता अपडेटची पद्धत. सॉफ्टवेअर घेताना संस्थेपुढे साधारण दोन पर्याय येतात. एकात प्रत्येक सभासदाचं दूध मोजलं की नोंद लगेच वर जाते. दुसऱ्यात सत्र बंद केल्यावर सगळ्या नोंदी एकदम जातात. लगेच जाणाऱ्या पद्धतीचा खरा फायदा चुकीच्या कोडला होतो. घाईत ४७ऐवजी ७४ दाबलं गेलं, तर माणूस काट्यापाशी उभा असतानाच मोबाइलवर त्याच्या नावाखाली काही येत नाही, आणि तिथल्या तिथं दुरुस्ती होते. सत्रानंतरच्या पद्धतीत हे कळेपर्यंत टेस्टर घरी गेलेला असतो.

पण लगेचच्या पद्धतीत एक चकवा आहे. सात वाजता कुणी गावाचं एकूण संकलन बघतो, कालच्या पूर्ण सकाळशी तुलना करतो आणि गावाचं दूध निम्म्यावर आलं असं सांगत सुटतो. संकलन अजून चालूच असतं! सत्र बंद झालं की नाही हे पडद्यावर दिसत नसेल, तर एकूण आकडा संकलन संपल्यावर तासाभरानं बघितलेला बरा. आमच्यासारख्या, नेट येऊन-जाऊन असलेल्या गावाला मी सत्रानंतरची पद्धत सुचवली. जिथं रेंज टिकते तिथं मात्र लगेचचीच घ्यावी.

तारखेचाही एक दोष आहे. तो सगळीकडे नसतो, पण असला की भल्याभल्यांना चक्रावतो. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर न लावता जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे `UTC`वर ठेवलेलं असलं, तर ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. सकाळी ५:२०ला घातलेलं दूध तिथं आदल्या दिवशी रात्री ११:५०ला पडतं. समजा तुम्ही १० तारखेला ५:४०ला गेलात आणि ११ला ५:२०ला. मग १० तारखेला दोन सकाळ दिसतील आणि ११ला एकही नाही. आमच्याकडे दहा दिवसांनी बिल निघतं, त्यामुळे नेमक्या अशा दिवशी एक सत्र या बिलातून त्या बिलात गेल्यासारखं वाटतं. साडेपाचच्या आत येणाऱ्यांचीच तक्रार असेल आणि नंतर येणाऱ्यांची नसेल, तर दोष बहुधा हाच. दुरुस्ती सॉफ्टवेअरवाल्यानं करायची, सचिवांनी नव्हे.

वेळ जुळली तरी आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसू शकतात. काटा किलो मोजतो आणि पावती लिटर सांगते. दुधाची घनता साधारण १.०३ धरली तर ११ लिटर म्हणजे ११.३३ किलो. डॅशबोर्डवर ११.३३ दिसलं तर खूश होण्याआधी शेजारचं एकक वाचा.

दिवसाच्या सरासरी फॅटचंही तसंच. सकाळी ११ लिटर ३.४ आणि संध्याकाळी ७ लिटर ४.२. दोन्ही फॅट मिळवून निम्मे केले तर ३.८ येतं. डॅशबोर्ड ३.७ दाखवतो आणि तेच बरोबर आहे, कारण सकाळचं दूध जास्त आहे. ११ गुणिले ३.४ म्हणजे ३७.४, ७ गुणिले ४.२ म्हणजे २९.४, बेरीज ६६.८, भागिले १८ लिटर. तुमच्या ॲपमध्ये ३.८ दिसत असेल तर ते नुसती सरासरी काढतं. पैसे प्रत्येक सत्राच्या फॅट-एसएनएफवर निघत असतील, तर बिलाला त्यानं धक्का लागत नाही. पण जनावराचं खाद्य बदलून फरक पडला का हे बघायला असा आकडा कामाचा नाही.

माझं मत बैठकीत मांडलं ते असं: महिन्याचा चढउतार, सकाळ-संध्याकाळचा फरक, बिलाची बेरीज यासाठी डॅशबोर्ड पावतीपेक्षा कितीतरी सोयीचा. पन्नास-साठ चिठोऱ्या कोण जपणार? पण त्या दिवशीच्या मोजमापासाठी पावतीच हवी. अगदी पावती बंद करायचीच असेल तर मोजल्याबरोबर एसएमएस यायला हवा आणि त्यात सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ आणि मोजल्याची वेळ हवी. नंतर अपडेट होणारा पडदा तिची जागा घेऊ शकत नाही. किटलीतलं दूध कॅनमध्ये ओतलं आणि नमुन्याची वाटी विसळली की फॅट पुन्हा तपासता येत नाही. शंका असेल तर ती काट्यापाशीच काढावी लागते, आणि त्या क्षणी डॅशबोर्डवर बहुतेकदा कालची संध्याकाळच असते.

बैठकीत ठरलं ते एवढंच: पावती चालू ठेवायची, आणि डॅशबोर्डवर सत्राचं नाव व मोजल्याची वेळ असे दोन रकाने वाढवून मागायचे. सभासदांनी दहाव्या दिवशी बिल हातात येण्याआधी खिशातल्या वीस पावत्या पडद्याशी एकदा लावून बघायच्या.