थिओफिलिन की डॉक्सोफिलिन? बिडी ओढणाऱ्या दमेकऱ्यासाठी निवड

सीओपीडीमध्ये आधार इनहेलरचाच असतो. ते परवडत नसेल किंवा पुरत नसेल, तरच मिथाइलझँथिन गटातल्या गोळीचा विचार होतो आणि प्रश्न बहुधा थिओफिलिन की डॉक्सोफिलिन असा असतो. शिरेतून दिले जाणारे अमिनोफिलिन हे थिओफिलिनचेच विरघळणारे रूप असल्याने त्याला थिओफिलिनचेच नियम लागू पडतात.

थिओफिलिन फॉस्फोडायएस्टरेज विकरे रोखते. त्यामुळे पेशीतले सायक्लिक एएमपी वाढते आणि श्वासनलिकेचे स्नायू सैलावतात. मात्र ते अ‍ॅडेनोसिनचे ग्राहकही अडवते, आणि धडधड व झटके यांचे मूळ बरेचसे तिथे आहे. डॉक्सोफिलिन या ग्राहकांना फारसे चिकटत नाही, हा त्याचा खरा फायदा होय.

थिओफिलिनची रक्तातली पातळी पूर्वी मिलिलिटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम ठेवत. आता अनेक जण 5 ते 15 पसंत करतात. 20 च्या वर मळमळ, उलट्या, अनियमित ठोके आणि झटके यांचा धोका वाढत जातो, आणि आधी मळमळ होईलच असे नाही. पहिले लक्षण झटकाही असू शकतो.

समजा, रोज बिडी ओढणाऱ्या साठीतल्या गृहस्थांची पातळी 11 आहे. धुरातली पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन्स यकृतातले सीवायपी1ए2 हे विकर वाढवतात, म्हणून त्यांना मुळात जास्त डोस लागलेला असतो. (हे काम निकोटिनचे नव्हे, म्हणून निकोटिनचा पॅच लावला तरी वाढलेले विकर टिकत नाही.) छातीत संसर्ग होऊन ते रुग्णालयात दाखल होतात आणि बिडी सुटते. आठवडाभरात औषधाचा निचरा एक तृतीयांशाने घटला, तर त्याच डोसवर पातळी 16 च्या पुढे जाते. त्यातच सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाले, तर तेही सीवायपी1ए2 रोखते. निचरा आणखी 30 टक्क्यांनी घटला की पातळी 23 च्या आसपास पोचते. गोळी तीच, पण विषबाधा. शिवाय क्विनोलोन स्वतःही मेंदूतल्या गाबा ग्राहकांना अडवून झटक्यांची शक्यता वाढवतात.

अशा वेळी बिडी सुटताच डोस साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने कमी करून पातळी तपासावी आणि संसर्गासाठी क्विनोलोनच हवे असेल तर लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन निवडावे, कारण त्यांचा या विकरावर परिणाम नगण्य असतो.

डॉक्सोफिलिनला धूर आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांचा असा तडाखा बसत नाही आणि त्याची पातळी नेहमी मोजावी लागत नाही. मात्र ठोके अनियमित असतील किंवा यकृताचा आजार असेल तर तेही जपूनच द्यावे. पातळी मोजण्याची सोय नाही आणि रुग्ण बिडी कधी सोडतो, कधी धरतो, अशा ठिकाणी मी डॉक्सोफिलिनकडे झुकेन. थिओफिलिन स्वस्त आहे आणि त्याचा अनुभवही जुना आहे. मात्र ते देणाऱ्याने प्रत्येक भेटीत दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: बिडी किती ओढता, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक दिले का?