सोलापुरातील उन्हाळा आणि दोन टॅपचे ड्राफ्ट बिअर यंत्र : सात महिन्यांच्या वापरानंतर

होटगी रस्त्यावरील आमच्या परमिट रूममध्ये गेल्या नोव्हेंबरात दोन टॅपचे यंत्र बसवले. खाली दोन केग मावतील असा फ्रीज आणि वर काउंटरवर पितळी टॉवर, अशी त्याची रचना आहे. हिवाळाभर एकही तक्रार आली नाही, त्यामुळे यंत्र उत्तम आहे असे माझे मत झाले होते. मार्च उजाडला आणि ते मत बदलावे लागले.

३० लिटरच्या केगमधून ३०० मिलीचे शंभर ग्लास निघायला हवेत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका केगमधून जेमतेम अठ्ठ्याहत्तर निघाले आणि उरलेली बिअर फेस होऊन मोरीत गेली. बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरच केगमधल्या वायूचा दाब कमी करण्याचा सल्ला दिला. आम्ही तो दर चौरस इंचाला १२ पौंडांवरून ८ वर आणला, तर फेस उलट वाढला.

कारण सापडले ते स्वयंपाकघरातल्या साध्या काट्याच्या तापमापकाने. सलग दोन ग्लास भरून त्यातला दुसरा मोजला, कारण पहिल्यात नळीत थांबलेली बिअर येते. फ्रीजच्या पडद्यावर ३ अंश दिसत होते आणि ग्लासातली बिअर १४ अंश होती. तो केग सकाळी दहाला टेम्पोतून उतरला होता आणि संध्याकाळी सातला आम्ही तो जोडला होता. फ्रीजमधली हवा तासाभरात थंड होते, पण ३० लिटर बिअर नऊ तासांत थंड होत नाही. बिअर जितकी गरम, तितका तिच्यातला कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवायला अधिक दाब लागतो : ३ ते ४ अंशांवर ज्या बिअरला १२ पौंड पुरतात, तिलाच १४ अंशांवर साधारण २२ पौंड लागतात. आम्ही दाब घटवला तेव्हा वायूला नळीतच सुटायला वाट करून दिली. पारदर्शक नळीत कपलरपासूनच, म्हणजे केगच्या तोंडावर बसवलेल्या जोडापासूनच, बुडबुडे दिसू लागले, तर आधी केगचे तापमान तपासावे आणि दाबाच्या चावीला हात लावू नये. त्यानंतर प्रत्येक केग दोन रात्री फ्रीजमध्ये राहिल्यावरच जोडायचा असा नियम केला आणि दाब पुन्हा १२ वर नेला. आता एका केगमधून चौऱ्याण्णव-पंच्याण्णव ग्लास निघतात.

सफाईच्या बाबतीत मात्र चूक आमचीच होती. दीड महिना आम्ही नळीतून नुसते पाणी सोडत होतो. एका जुन्या गिऱ्हाईकाने ग्लास परत करत “मालक, याला लोण्याचा वास येतोय,” असे सांगितले, तेव्हा टॅप खोलून पाहिला; आतल्या दांड्यावर बोटाला चिकटणारा पिवळट थर होता. लोण्याचा किंवा आंबट वास हे नळीत जिवाणू वाढल्याचे लक्षण असते. आता दर चौदा दिवसांनी आधी पाण्याने बिअर बाहेर काढतो, मग कोमट पाण्यातले २ टक्क्यांचे कॉस्टिक द्रावण पंपाने पंधरा मिनिटे फिरवतो, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत नळी धुतो. टॅप आणि कपलर सुटे करून ब्रशने घासतो. हे द्रावण कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. कॉस्टिकने न निघणारा खनिजांचा थर काढण्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्लाचे द्रावण वापरतो, पण ते वेगळ्या दिवशी; दोन्ही एकत्र येऊ देत नाही.

ओतण्याची रीत पोऱ्यांना शिकवायला आठवडा लागला. गार पाण्याने विसळलेला ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका धरावा आणि टॅप एका झटक्यात पूर्ण उघडावा; भीतीपोटी अर्धा उघडला की अरुंद फटीतून बिअर घुसळून येते आणि फेसच हाती लागतो. पाऊण ग्लास भरल्यावर तो सरळ करावा, म्हणजे वर दोन बोटांचा फेस बसतो. टॅपचे तोंड बिअरमध्ये बुडवू नये. याच्या उलट तक्रारही एकदा आली : फेस टिकेना आणि काचेला आतून बुडबुडे चिकटून राहू लागले. शेंगा चटणीच्या तेलकट ताटल्या आणि ग्लास एकाच घासणीने घासले जात होते! ग्लासांसाठी निराळी घासणी आणि निराळे टब ठेवल्यावर तो प्रश्न मिटला.

यंत्राबद्दल खरी नाराजी टॉवरविषयी आहे. केग थंड असला तरी दुपारी बाहेर ४२ अंश असताना पितळी टॉवर हाताला गरम लागतो आणि अर्ध्या तासाच्या खंडानंतरचा पहिला ग्लास फेसाळच येतो, दुसरा मात्र व्यवस्थित असतो. फ्रीजमधली थंड हवा टॉवरमध्ये ढकलणारा छोटा पंखा मी स्वखर्चाने बसवला, तेव्हा फेस निम्म्यावर आला. तो पंखा मूळ यंत्रातच असायला हवा होता. हिवाळ्यात यंत्र पाहून विकत घेणाऱ्याने टॉवर आतून थंड राहतो का, एवढे विचारून घ्यावे.