पाठलागाचा सीन: एक लांब वाक्य की तुकडे?

आधी लांब व्हर्जन बघा: "ओल्या, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांवरून धापा टाकत खाली उतरणाऱ्या मीराला मागून येणाऱ्या जड बुटांचा आवाज ऐकू आला." मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यात अशी 'णाऱ्या'वाली विशेषणं रचली की मीरा भेटेपर्यंतच अर्धं वाक्य संपतं आणि धोका तर त्याच्याही नंतर कळतो.

आता तुकडे: "मीरा पायऱ्यांकडे धावली. मागे बूट वाजले. जवळच. तिने दोन पायऱ्या गाळल्या. पाय सरकला." इथे प्रत्येक क्रियापदागणिक काहीतरी घडतंय. 'शेवाळलेल्या' उडवलं पण शेवाळ गेलं नाही, ते पाय सरकण्यात आलं. (वर्णन तसंच ठेवून नुसते फुलस्टॉप टाकले तर स्पीड वाढत नाही, फक्त धक्के बसतात.)

पळापळीला मी तुकडेच घेईन, पण पूर्ण सीन नाही, कारण तीच ठकठक दोन पानं चालली की वाचक बधिर होतो. मीरा कुठे लपली की तिथे एक लांब वाक्य सोडायचं, बूट जवळून जाईपर्यंत मुद्दाम ताणलेलं, आणि मग परत तुकडे. सलग चार-पाच वाक्यं 'ती', 'तिने'नेच सुरू होताना दिसली तर समजा अती झालंय.