नोकरी गेल्याची पोस्ट: मोघम की थेट?

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या अभियंत्याची नोकरी कपातीत गेली आहे आणि लिंक्डइनवर टाकण्यासाठी त्याच्यापुढे दोन मसुदे आहेत, असे धरू.

पहिला असा: 'एका सुंदर प्रवासाची सांगता झाली, नव्या संधीच्या शोधात आहे, काही असल्यास कळवावे.' यात खोटे काही नाही. पण राजीनामा दिला की काढले हे कळत नसल्याने वाचणारा स्वतःच तर्क लढवतो आणि नेमके काय करावे हे न उमगल्याने शुभेच्छा देऊन मोकळा होतो.

दुसरा असा: 'आमची उत्पादन लाइन बंद झाल्याने माझी नोकरी गेली. सुट्या भागांची तपासणी आणि पुरवठादारांचे ऑडिट हे माझे काम. सातपूर, सिन्नर किंवा चाकणमध्ये पुरवठादारांची गुणवत्ता पाहणारे कोणी ओळखीचे असल्यास गाठ घालून द्यावी.'

मला दुसरा मसुदा उजवा वाटतो, कारण त्यात कारण एका वाक्यात उरकले आहे, साहेबांवर राग काढलेला नाही आणि नोकरीऐवजी ओळख मागितली आहे. नोकरी देणे थोड्यांच्याच हाती असते, ओळख मात्र पुष्कळांना करून देता येते. अर्थात, कामगिरीच्या कारणावरून काढले असेल तर लाइन बंद झाल्याचे लिहू नये, कारण नवी कंपनी जुन्या एचआरकडे पडताळणी करू शकते. तेव्हा कारण गाळून बाकीचा मजकूर तसाच ठेवावा. सेवासमाप्तीच्या कागदांत गोपनीयतेची अट असल्यास ती आधी वाचावी, आणि ग्राहक कंपन्यांची नावे टाळावीत.