दुबईत आठ दिवस: रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम?

मुलगा दुबईत नोकरीला आणि आई-वडील आठवड्याभरासाठी त्याच्याकडे, हे बेळगाव-खानापूर भागात आता नवीन राहिलेलं नाही. गोव्याहून नाहीतर मुंबईहून विमान, चार-पाच दिवस फिरणं, सोनं बघणं आणि परत. तिकीट आणि व्हिसा मुलगाच बघतो. फोनचा प्रश्न मात्र निघायच्या आदल्या दिवशी आठवतो, आणि मग प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून इथे एकच उदाहरण धरून तीन पर्याय मांडतो: अनगोळचे काका-काकू, दुबई, आठ दिवस.

किती डेटा लागणार, ते आधी बघू. काकू रोज अर्धा तास व्हिडिओ कॉलवर घरी नातवंडांशी बोलणार. व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल मिनिटाला साधारण पाच एमबी खातो, म्हणजे दिवसाला दीडशे एमबी आणि आठ दिवसांत सव्वा जीबीच्या आसपास. नकाशा, मेसेज आणि थोडंफार शोधणं धरून आणखी अर्धा जीबी. एकूण पावणेदोन जीबी. रील आणि मालिका मुलाच्या घरच्या वायफायवर होतील. हा हिशोब एकाच गोष्टीने बिघडतो. बुर्ज खलिफाखाली काढलेले साठ-सत्तर फोटो गूगल फोटोज गुपचूप वर चढवत बसतं आणि संध्याकाळपर्यंत पाव जीबी गेलेला असतो. बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, एवढं केलं तरी पुरे.

डेटा स्वस्त कुठे मिळतो यावरच बहुतेक जण निर्णय घेतात. पण दुबईच्या बाबतीत पैशांपेक्षा दोन गोष्टींकडे आधी बघावं लागतं. पहिली, व्हॉट्सअॅप कॉल लागतो का. दुसरी, बँकेचा ओटीपी येतो का.

संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर बंधन आहे. तिथलं सिम घातलं, मग ते एतिसलातचं असो की डूचं, तर व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, फोटो जातात, पण कॉल मात्र नुसता ‘कनेक्टिंग’ दाखवत राहतो, नाहीतर उचलल्यावर आवाजच येत नाही. मुलाच्या घरच्या वायफायवरही तेच, कारण ती जोडणीही तिथल्याच कंपनीची. लोकांना वाटतं नेट स्लो आहे, मग राउटर बंद-चालू करत बसतात. तिथे राहणारे बोटिमसारखं परवानगी असलेलं अॅप वापरतात, पण मग इकडे घरच्यांनाही ते टाकायला लावावं लागतं. व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवणारं अॅप, लावून सगळं चालतं असं सांगणारे भेटतील. व्हीपीएनच्या गैरवापराला तिथे लाखो दिरहॅमच्या दंडाची तरतूद आहे, पाहुणे म्हणून गेलेल्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

आपल्या भारतीय सिमवर रोमिंग घेतलं की हाच कॉल सहसा सरळ लागतो. कारण रोमिंगमध्ये फोन टॉवर तिथला वापरतो, पण डेटा आधी भारतात आपल्या कंपनीकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. त्यामुळे तिथली बंधनं त्याला सहसा लागू होत नाहीत. हा वळसा पडल्यामुळे वेग जरा कमी वाटतो, कॉलपुरता तो पुरतो. म्हणजे काकूंना व्हिडिओ कॉल करताना मुलाच्या घरात बसूनसुद्धा वायफाय बंद करून सिमचा डेटा चालू करावा लागेल. हे कुणी आधी सांगितलं नाही तर पहिले दोन दिवस ‘नेट चालत नाही’ म्हणण्यातच जातात.

ई-सिम म्हणजे कार्ड न घालता क्यूआर कोड स्कॅन करून फोनमध्ये टाकायचं सिम. त्याचं यात मधलं स्थान आहे. प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीच ई-सिम दुसऱ्याच देशातल्या कंपनीची असतात आणि त्यांचा डेटा सिंगापूर, हाँगकाँग नाहीतर युरोपातून बाहेर पडतो. अशा ई-सिमवर व्हॉट्सअॅप कॉल चालतो. तिथल्याच कंपनीचं ई-सिम घेतलं तर चालत नाही. कोणतं आहे ते कळायला सोपी खूण आहे: तिथे पोहोचल्यावर वायफाय बंद करून ब्राउझरमध्ये `what is my ip` असं शोधा. देश अमिराती दाखवला तर कॉल अडकणार, दुसरा दाखवला तर बहुधा लागणार. विकत घेण्याआधीच विचारता आलं तर आणखी बरं.

आता ओटीपी. काकूंनी पहिल्यांदा तोच प्रश्न विचारला होता, ‘ओटीपी आला नाही तर कार्डाने पैसे कसे ओ द्यायचे?’ बरोबरच आहे. सोन्याच्या दुकानात कार्ड चाललं नाही तर बँकेच्या अॅपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू करावा लागतो, आणि त्याला भारतीय नंबर जिवंत लागतो. म्हणून तिथलं सिम घालण्यासाठी भारतीय सिम काढून पाकिटात ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. सिम बदलल्याचं कळताच यूपीआय आणि काही बँकांची अॅप पुन्हा पडताळणी मागतात, आणि ती त्याच नंबरवरून एसएमएस पाठवूनच होते. शिवाय मेसेजिंग अॅप चालू सिमला बांधलेलं असावं, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे. तेव्हा व्हॉट्सअॅपच्या दृष्टीनेही सिम फोनमध्येच असलेलं बरं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजसाठी म्हणून अनेकांच्या फोनमध्ये एक बीएसएनएल आणि एक जिओ नाहीतर एअरटेल असतं, आणि बँकेत नोंदलेला नंबर नेमका जुना बीएसएनएलचा निघतो. निघण्याआधी बँकेत कोणता नंबर आहे ते बघा, त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू होतं का ते कस्टमर केअरला विचारा, आणि प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परत येईपर्यंत टिकते का ते तपासा. काही प्रीपेड नंबरांवर पॅक टाकल्याशिवाय आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच होत नाही. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. येणाऱ्या कॉलला मात्र पडतात, तेव्हा पॅक नसलेल्या नंबरवर गावाकडचा फोन आला तर उचलू नका, कापून व्हॉट्सअॅपवर लावा.

रोमिंग पॅकचा खर्च बघू. जानेवारी २०२४ मध्ये जिओने अमिरातीसाठी जे पॅक काढले, त्यांत ८९८ रुपयांना सात दिवस आणि १ जीबी होता, तर १५९८ रुपयांना चौदा दिवस आणि ३ जीबी. आकडे आता बदललेले असतील, अॅपमध्ये बघून घ्या, पण आपल्या हिशोबाला उपयोगी आहेत. आठ दिवस आणि पावणेदोन जीबी म्हणजे छोटा पॅक दोन्ही बाजूंनी थोडक्यात कमी पडतो आणि मोठा घ्यावा लागतो. दोघांच्या फोनवर टाकला तर ३१९६ रुपये. त्यापेक्षा काकूंच्या फोनवर पॅक टाकावा, काकांनी लागेल तेव्हा त्यांचा हॉटस्पॉट घ्यावा आणि आपला नंबर फक्त ओटीपीपुरता चालू ठेवावा. खर्च निम्मा.

पॅक घेतलेल्यांना फटका बसतो तो सहसा देशाच्या कडेला. बेळगावच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. शिनोळीकडे गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि एकेकाळी तेवढ्यावर रोमिंग लागायचं. तसंच मुसंदमच्या बोटीच्या सहलीला गेलात की फोन ओमानचं नेटवर्क पकडतो, आणि अमिरातीपुरता पॅक तिथे लागू नसतो. त्या दिवशी भारतीय सिमचं `Data Roaming` बंद ठेवा. शहरातसुद्धा पॅक ठराविक कंपन्यांच्या नेटवर्कवरच चालतो. फोनने दुसरं पकडलेलं दिसलं तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडा.

ई-सिम डेटाला बहुतेक वेळा रोमिंगपेक्षा स्वस्त पडतं आणि भारतीय सिम जागेवर राहतं, म्हणून चाळिशीच्या आतल्या, फोन हाताळता येणाऱ्या माणसाला मी तेच सुचवीन. आधी फोन चालतो का बघा: `*#06#` दाबा, यादीत `EID` दिसला तर ई-सिम चालतं. पण अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ई-सिम चालू केलं की दोन भारतीय सिमपैकी एक बंद करावं लागतं. बंद होणारं बँकेचं नसावं. दूरसंचार विभागाच्या आदेशावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन नावाजलेली अॅप भारतात बंद झाली, कारण परदेशी सिम इथे विकायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. पासपोर्टची प्रत मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ई-सिम घरच्या वायफायवर आदल्या दिवशी टाकून ठेवावं, आणि मुदत टाकल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, ते वाचावं. क्यूआर कोड त्याच फोनमध्ये ठेवून तो स्कॅन कसा करणार? प्रिंट काढा किंवा घरच्या दुसऱ्या फोनवर पाठवा. एकदा टाकलेलं ई-सिम चुकून पुसलं तर बहुतेक कंपन्यांचं परत टाकता येत नाही. उतरल्यावर रेंजच्या रेषा दिसतात पण इंटरनेट नाही, अशी तक्रार हमखास येते. ई-सिमच्या ओळीवर `Data Roaming` चालू केलेलं नसतं. भारतीय सिमवर ते बंद आणि ई-सिमवर चालू, असं उलटसुलट ठेवायचं असतं. आयफोनमध्ये `Allow Mobile Data Switching` हेही बंद करा, नाहीतर कॉल चालू असताना फोन डेटासाठी भारतीय सिमकडे वळू शकतो.

काका-काकूंचा फोन जुना, `EID` नाही, आणि दोन सेटिंग उलटी ठेवण्याची त्यांना धास्ती. त्यांच्यासाठी रोमिंग पॅकच ठीक, पाचशे-सातशे जास्त गेले तरी. काकूंची सून पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी जाणार आहे. तिला तिथलं सिम घ्यावंच लागेल, कारण घरपोच सामान, टॅक्सी, दवाखाना सगळीकडे तिथला नंबर मागतात आणि इतक्या दिवसांचं रोमिंग परवडत नाही. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा शहरातल्या दुकानात योजना जास्त बघायला मिळतात. पासपोर्ट बरोबर न्यावा, आणि ते सिम दुसऱ्या खणात घालावं, भारतीय सिम न काढता.