एकच अनुभव, दोन सारांश: शिष्यवृत्तीला कोणता धाडावा?

भाची बडोद्यात पावसाळी गटारांची आखणी करणाऱ्या एका कन्सल्टन्सीत आहे. गेल्या रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शेव-उसळीच्या प्लेटशेजारी तिने दोन कागद ठेवले. "मामा, यातला कुठला पाठवू?"

पहिल्यात होतं: 'चार वर्षं ड्रेनेज प्रकल्पांवर काम. सहा जणांची टीम सांभाळली. नागरी जलव्यवस्थापनाचं प्रगत शिक्षण परदेशात घेण्याची इच्छा.' यात खोटं काहीच नाही. पण काम आणि शिक्षण यांच्यामध्ये फक्त एक पूर्णविराम आहे. 'जलव्यवस्थापन' खोडून 'वाहतूक नियोजन' लिहा, वाक्य तसंच उभं राहतं. बायोडेटाच्या माथ्यावर तीन ओळी हव्या असतील तर हा चालेल, त्यापलीकडे नाही.

दुसरा ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरापासून सुरू होतो. गटारं साफ असूनही काही सोसायट्यांत पाणी का तुंबलं, हे तिने लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र, लावून पाहिलं. गटाराचं तोंड नदीच्या चढलेल्या पातळीखाली गेलं होतं, त्यामुळे पाणी बाहेर पडायच्या ऐवजी उलटं आत येत होतं. त्यांच्या आखणीत पावसाचा हिशेब होता, नदीच्या पातळीचा नव्हता. दोन्ही एकत्र मांडणारं मॉडेल तिला करता येत नाही, आणि ते शिकवणारा विषय तिने अभ्यासक्रमात नावानिशी दाखवला आहे. इथे शिक्षणाची गरज कामातूनच निघते.

मी दुसऱ्याच्या बाजूचा. पण ती दोन शिष्यवृत्त्यांना अर्ज करते आहे, आणि तो दोन्ही ठिकाणी जसाच्या तसा जाणार नाही.

जर्मनीच्या डाड या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना किमान दोन वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, आणि शेवटची पदवी सहसा सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. अर्ज आधी अभ्यासक्रमाकडे जातो, म्हणजे वाचणारे त्याच विषयातले. तिथे उलट्या पाण्याचा परिच्छेद पूर्ण ठेवावा.

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा अनुभव हवा आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. त्यांचे प्रश्न नेतृत्व, ओळखी, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढची वाट यांवर असतात. तिथे तांत्रिक भाग दोन वाक्यांत आटपावा. सोसायटीचे सेक्रेटरी आणि नगरसेवक यांना एकत्र बसवून तिने मोजणीची परवानगी कशी मिळवली, ते पुढे आणावं. परतल्यावर कोणत्या गटारांपासून सुरुवात करणार, हेही.

एक खोट मात्र या दुसऱ्या कागदातही होती. 'आम्ही मोजलं, आम्ही दाखवलं.' आपल्याकडे 'मी' म्हणणं उद्धट वाटतं, पण वाचणाऱ्याला लेव्हल कोणी धरली ते कळत नाही. तिने पेन घेतलं आणि सात 'आम्ही' खोडले. दोन ठेवले, ती मोजणी खरंच तिच्या सहकाऱ्याची होती.