घरबसल्या अमेरिकेची डिग्री का तिकडं जाऊन? कागद एकच, व्हिसाचं गणित वेगळं

भावा, राजारामपुरीत बसून अमेरिकेची मास्टर्स करायची का कर्ज काढून तिकडं जायचं, हे आधी नोकरी कुठं करायचीय त्यावर ठरव. जॉर्जिया टेकचंच घे, त्यांची कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन एमएस 2014 पासून चालू आहे, 30 क्रेडिट, नोकरी करत करत होते, फी 10 हजार डॉलरच्या आत, आणि सर्टिफिकेटवर कुठं "ऑनलाइन" असं छापत नाहीत. कॅम्पसवर तीच एमएस म्हणजे फी, भाडं, खाणं धरून चाळीस लाखांच्या वरच.

पुण्यातल्या किंवा बेंगळुरूच्या प्रायव्हेट कंपनीला यात फारसा फरक पडत नाही. एचआर फक्त डिग्री खरी आहे का बघतात. पण सीव्हीत त्याच वर्षात कोल्हापुरात नोकरी आणि जॉर्जिया टेकची एमएस दिसली की प्रश्न येणारच, म्हणून स्वतःच "ऑनलाइन" लिहून मोकळं व्हायचं, लपवलंस तर उगीच संशय.

खरा फरक व्हिसात. घरून शिकलास तर एफ-1 हा स्टुडंट व्हिसा मिळत नाही, आणि एफ-1 नाही तर ओपीटी म्हणजे शिकून झाल्यावर तिथं नोकरी करायची परवानगीपण नाही. कॅम्पसवाल्याला पास झाल्यावर 1 वर्ष आणि कॉम्प्युटरवाल्याला वर आणखी 2 वर्षं तिथं नोकरी करता येते, त्यात कंपनी दरवर्षी त्याचं नाव एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत घालू शकते, म्हणजे तो पगार घेत घेत नशीब आजमावतो. गंमत म्हणजे त्या सोडतीत अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी 20 हजारांचा जो वेगळा कोटा आहे, त्याची अट मान्यताप्राप्त सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठाची डिग्री एवढीच, वर्गात बसलास का घरात हे तिथं आडवं येत नाही. पण तुला इथं बसलेला असताना स्पॉन्सर करणारी कंपनी मिळायला पाहिजे ना! तिथंच विषय हार्ड होतो.

कॅनडाचंही तसंच, पूर्ण घरून केलेल्या कोर्सवर पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट नाही.

आणि शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं डोक्यात असेल तर ऑनलाइनच्या नादाला लागूच नको. फॉरेन डिग्रीला इथं समकक्षता लागते आणि ती देणारी विद्यापीठांची संघटना एआययू वर्षानुवर्षं कॅम्पसवर पूर्णवेळ केलेलीच डिग्री धरत आलंय. 2025 पासून यूजीसीचे स्वतःचे नियम आलेत, पैसे भरायच्या आधी ते वाच. एडटेक कंपनीमार्फत फॉरेन डिग्री विकणारे फोन करत असतील तर जास्तच जपून, तसल्या डिग्र्यांना मान्यता नाही असं यूजीसीनं डिसेंबर 2023 मध्ये जाहीर सांगितलंय.

पुण्यातच प्रमोशन हवं असेल तर मी डोळे झाकून ऑनलाइन म्हणेन. तिकडं स्थायिक व्हायचं असेल तर ते लाखो रुपये डिग्रीचे नाहीत, त्या 3 वर्षांचे आहेत.